'आपल्या वेळेनुसार' म्हणजे कोणाच्या? परदेशस्थ उमेदवारास धाडावयाच्या एका निरोपाविषयी



व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात तुम्ही अर्ज, निविदा, इतिवृत्त, कार्यालयीन पत्र असे लेखनप्रकार पाहिले आहेत. प्रस्तुत लेखात मी ज्या लेखनप्रकाराविषयी बोलणार आहे, त्याला आपल्या पाठ्यपुस्तकात अद्याप नाव नाही. परगावी, बहुधा परदेशी असलेल्या उमेदवाराला मुलाखतीची वेळ ठरवण्यासाठी भ्रमणध्वनीवरून पाठवलेला पाच-सात ओळींचा निरोप, एवढाच त्याचा विस्तार. मात्र या पाच-सात ओळींत मराठी भाषेची एक जुनी, सभ्य आणि सुंदर सवय कशी आडवी येते, हे मला नुकतेच पाहावयास मिळाले. त्यावरून माझे एक मत बनले आहे आणि ते काही भाषाप्रेमींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

प्रसंग हुपरीतला आहे. हातकणंगले तालुक्यातील हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण, जोडवी, वाळे, करदोटे घडवणारे हात तिथे घरोघरी आहेत. तिथल्या एका कारखान्यात हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारा एक तरुण आमच्या अभ्यासकेंद्राचा विद्यार्थी आहे. कारखानदारांना पैंजणाचे नवे नमुने संगणकावर रेखाटून देणारी व्यक्ती हवी होती. घरबसल्या करता येण्याजोगे काम असल्याने दूरचे अर्जही आले. त्यांपैकी एक अर्ज कॅनडातील टोरांटो येथे राहणाऱ्या, मूळच्या याच परिसरातल्या एका मुलीचा होता. काम चांगले होते आणि मालकांच्या मनातही ते भरले होते. 25 ऑक्टोबर 2025 रोजी, शनिवारी, या विद्यार्थ्याने तिला पुढील निरोप पाठवला :

'नमस्कार. आपला अर्ज मिळाला. आपली मुलाखत सोमवारी आपल्या वेळेनुसार सायंकाळी सात वाजता घेण्यात येईल. आपण वेळेवर उपस्थित राहावे. आपला,' आणि खाली नाव.

सोमवारी सायंकाळी सात वाजता मालक हात धुऊन, शर्ट बदलून संगणकासमोर बसले. साडेसातपर्यंत वाट पाहिली. कोणी आले नाही. 'परदेशात राहणारी माणसं, त्यांना आपली काय किंमत,' असे म्हणून ते उठले. तिकडे टोरांटोत सोमवारी सायंकाळी सात वाजता ती मुलगी कामावरून धावतपळत घरी येऊन संगणकासमोर बसली होती. त्या वेळी हुपरीत मंगळवारची पहाट होती, साडेचार वाजले होते आणि अख्खा कारखाना झोपेत होता. तिनेही अर्धा तास वाट पाहिली. आपला अर्ज केवळ उपचार म्हणून स्वीकारला असावा, असा तिने अर्थ काढला. दोघांनीही एकमेकांना पुढचे दोन दिवस काही विचारले नाही. हाता-तोंडाशी आलेले काम एका मुलीच्या आणि चांगली कारागीर एका कारखान्याच्या हातून जाण्याची वेळ आली ती अशी.

आता हा निरोप पुन्हा वाचा. त्यात 'आपण' हे सर्वनाम निरनिराळ्या रूपांत पाच वेळा आले आहे. 'आपला अर्ज' आणि 'आपली मुलाखत' यांत ते आदरार्थी 'तुमचा', 'तुमची' या अर्थाने आहे. 'आपण उपस्थित राहावे' येथेही तेच. शेवटचा 'आपला' मात्र लिहिणाऱ्याचा आहे. पत्राखाली आपण 'आपला नम्र' लिहितो, तो. उरला 'आपल्या वेळेनुसार'. लिहिणाऱ्याच्या मनात होते, 'आपल्या म्हणजे आपल्याकडच्या, भारतातल्या.' वाचणारीने घेतले, 'आपल्या म्हणजे तुमच्या, अर्थात माझ्या, टोरांटोतल्या.' तिचे वाचन चुकीचे मुळीच नव्हते. ज्या निरोपात आधीचे दोन्ही 'आप-' तिच्याकडे बोट दाखवतात, त्यातला तिसराही तिच्याकडेच बोट दाखवतो, असे कोणीही मानील.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे, हे तुम्ही व्याकरणात शिकला आहात. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा वगळलेला असतो. 'आपण' म्हणताना तो सामावलेला असतो. हिंदीतील 'हम' हा भेद करीत नाही. हा भेद मराठीची मोठी मिळकत आहे, असे मी वर्गात नेहमी सांगतो. पण याच 'आपण'कडे मराठीने आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही काम सोपवले आणि 'स्वतः' या अर्थाचेही. एका गड्यावर तीन कामे टाकली की तो कधीतरी चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहणारच.

एरवी तो चुकत नाही, कारण क्रियापद त्याला सावरते. 'आपण उद्या येऊ' म्हटले की मी आणि तुम्ही. 'आपण उद्या याल' म्हटले की फक्त तुम्ही. सर्वनाम तेच, पण क्रियापदाचा पुरुष बदलला आणि संदिग्धता मिटली. आता षष्ठीचे रूप पाहा. 'आपल्या वेळेनुसार' या शब्दसमूहाला स्वतःचे क्रियापद नाही. वाक्याचे क्रियापद 'घेण्यात येईल' हे आहे. ते मुलाखतीशी जुळते, माणसाशी नव्हे. कर्ता तर त्या कर्मणी रचनेत कुठेच नाही. आपली कार्यालयीन मराठी या 'घेण्यात येईल, कळविण्यात येते' रचनेवर फार प्रेम करते, आणि नेमकी हीच रचना 'आपल्या'चा अर्थ सांगू शकणारा शेवटचा साक्षीदार वाक्यातून हाकलून देते. प्रत्यक्ष बोलण्यात हातवारे, नजर, आवाज मदतीला असतात. निरोपात त्यांतले काहीच नसते, आणि लिहिणारा व वाचणारा पृथ्वीच्या दोन अंगांना बसलेले असतात.

म्हणून माझे मत असे : वेळ सांगणाऱ्या वाक्यात 'आपण' आणि त्याची सगळी रूपे वर्ज्य मानावीत. संपूर्ण निरोपात 'तुम्ही' वापरावे, आणि घड्याळ कोणाचे हे सर्वनामाने न सांगता गावाच्या नावाने सांगावे. 'टोरांटोतील सकाळी 8.30, हुपरीतील सायंकाळी 7.00', असे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे पटले नाही. उमेदवार अनोळखी, त्यातून स्त्री. तिला 'तुम्ही' म्हणणे रुक्ष वाटते, असे ते म्हणाले. मी त्यांच्याशी सहमत नाही. 'तुम्ही' हे मराठीत आदराचेच रूप आहे. कोल्हापूरकडे सून सासऱ्याला आणि विद्यार्थी गुरुजींना 'तुम्ही'च म्हणतो. 'आपण'मधला जादा आदर हा दरबारी आहे. तो निमंत्रणपत्रिकेत शोभतो. ज्या वाक्यावर कोणाची तरी नोकरी टांगलेली आहे, तिथे तो परवडत नाही. (या लेखातही मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. 'आपण' म्हणेन तेव्हा त्यात मीही आहे.)

कोणाचे घड्याळ, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून लागू झाली. पण मुंबई शहराने आपली जुनी 'मुंबई वेळ' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होती, आणि शहरातील काही घड्याळे 1955 पर्यंत तीच दाखवीत राहिली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत वेळ सांगताना ती 'स्टँडर्ड' की 'मुंबई' हे विचारावे लागे. नुसते 'आपल्या वेळेनुसार' म्हणून तिथे भागले नसते, कारण एकाच रस्त्यावर दोन वेळा नांदत होत्या. नंतर सारा देश एका घड्याळावर आला, आणि वेळेला गावाचे नाव लावण्याची सवय आपण विसरलो. हुपरीत सूर्य प्रमाणवेळेपेक्षा अर्ध्या तासाहून थोडा अधिक उशिरा डोक्यावर येतो, हे तिथल्या कोणाच्या ध्यानीमनीही नसते. नसायलाही हरकत नाही. परंतु गावाबाहेर निरोप धाडताना ती जुनी सवय पुन्हा अंगी बाणवावी लागेल.

गावाच्या नावाऐवजी इंग्रजी आद्याक्षरे लिहिण्याची एक पद्धत रूढ होत आहे. 'सायंकाळी 7 आयएसटी' असे लिहिले की लिहिणाऱ्याला निश्चिंत वाटते. पण ही तीन अक्षरे भारताची, इस्रायलची आणि आयर्लंडची अशा तीन देशांच्या वेळांसाठी वापरली जातात. डब्लिनमध्ये शिकणाऱ्या मुलाला ती पाठवली, तर त्याने काय समजावे? टोरांटोच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आहे. तिथली हिवाळ्यातली वेळ 'ईएसटी' आणि उन्हाळ्यातली 'ईडीटी' म्हणून ओळखली जाते. लोक मात्र सवयीने बाराही महिने 'ईएसटी' लिहितात. काटेकोर वाचणारा आणि सैल लिहिणारा यांच्यात तिथे सरळ एका तासाचे अंतर पडते. शहराच्या नावाला असा दोष चिकटत नाही. संगणकातील वेळांच्या यादीतसुद्धा नोंदी `Asia/Kolkata`, `America/Toronto` अशा शहरांच्याच नावाने आहेत, त्या उगीच नव्हेत.

तो विद्यार्थी रविवारी, 2 नोव्हेंबर रोजी, संपर्कसत्राला आला तेव्हा त्याने मला हा सारा प्रकार सांगितला आणि दुरुस्त निरोप लिहून दाखवतो म्हणाला. त्या दिवशी अचानक जे घडले, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा बोलके होते. सकाळी अकरा वाजता त्याने आपल्या फोनवरील जागतिक घड्याळात टोरांटोची वेळ पाहिली. रात्रीचा दीड वाजला होता. अंतर साडेनऊ तास. त्याने वहीत मांडले : मंगळवारी हुपरीत सायंकाळी सात, म्हणजे टोरांटोत सकाळी साडेनऊ. मग आम्ही वर्गात गेलो. बारा वाजता बाहेर येऊन त्याने सहज पुन्हा फोन पाहिला, तर टोरांटोत अजूनही दीडच! फोन बिघडला असावा, असे त्याला वाटले.

फोन बिघडला नव्हता. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या बहुतेक भागात उन्हाळ्यापुरती घड्याळे एक तास पुढे करून ठेवतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर दोन वाजता ती पुन्हा एक तास मागे घेतात. टोरांटोत त्या रात्री दोन वाजायला आले तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेअकरा होत होते. आम्ही वर्गात असतानाच तिथे दोनाचा पुन्हा एक झाला. अंतर साडेनऊ तासांवरून साडेदहा तासांवर गेले. त्याच्या वहीतली 'सकाळी साडेनऊ' ही वेळ आता चुकीची होती. ती तशीच पाठवली असती, तर मुलगी साडेनऊला, म्हणजे हुपरीच्या रात्री आठला संगणकासमोर आली असती, आणि मालक सातपासून तासभर वाट पाहून पुन्हा उठले असते. या वेळी सर्वनाम निर्दोष असतानाही.

येथे मराठीतील 'मागे' आणि 'पुढे' हे शब्दही दगा देतात. घड्याळ 'मागे' गेले, म्हणून अंतर कमी झाले असेल, असे आपल्या मनाला वाटते. प्रत्यक्षात ते वाढले, कारण टोरांटो आधीच आपल्या मागे होते. तसेच 'मुलाखत एक तास पुढे घेतली आहे' या वाक्याचा अर्थ काहीजण 'उशिरा' असा आणि काहीजण 'लवकर' असा करतात. वेळ बदलल्याचा निरोप लिहिताना मागे-पुढे म्हणू नये, 'आधी 7.00 ठरली होती, आता 8.00' असे दोन्ही आकडे लिहावेत.

या चुकीचे मूळ आजच्या अंतरावरून पुढच्या तारखेची वेळ काढण्यात आहे. फोनमधील जागतिक घड्याळ केवळ या क्षणाचे अंतर सांगते. मुलाखत ज्या दिवशी आहे, त्या दिवसाचे अंतर हवे असेल, तर फोनच्या दिनदर्शिकेत त्या तारखेची नोंद करावी, नोंदीची वेळ टोरांटो या शहराची म्हणून निवडावी आणि आपल्या वेळेत ती किती वाजता दिसते ते पाहावे. तारीख माहीत असल्याने दिनदर्शिका बदल हिशेबात धरते. मार्च, एप्रिल, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर या महिन्यांत हे करणे अपरिहार्य मानावे. युरोपात हा बदल निराळ्या रविवारी होतो (2025 साली तो 26 ऑक्टोबरला झाला), आणि भारतात मुळी होतच नाही. त्यामुळे 'मागच्या वेळी लंडनला असे केले होते' हा अनुभव टोरांटोला लागू पडत नाही.

आता निरोपाकडे वळू. त्याने दुसऱ्यांदा लिहिलेला आणि आम्ही दोघांनी मिळून तपासलेला मजकूर असा होता :

'नमस्कार. 27 ऑक्टोबरच्या मुलाखतीची वेळ हुपरीची की टोरांटोची, हे आमच्या निरोपातून स्पष्ट होत नव्हते. चूक आमची आहे. नवीन तीन पर्याय देत आहे.

पर्याय 1 : टोरांटोत मंगळवार, 4 नोव्हेंबर, सकाळी 8.30 (हुपरीत मंगळवार, 4 नोव्हेंबर, सायंकाळी 7.00)

पर्याय 2 : टोरांटोत गुरुवार, 6 नोव्हेंबर, सकाळी 10.00 (हुपरीत गुरुवार, 6 नोव्हेंबर, रात्री 8.30)

पर्याय 3 : टोरांटोत गुरुवार, 6 नोव्हेंबर, रात्री 9.30 (हुपरीत शुक्रवार, 7 नोव्हेंबर, सकाळी 8.00)

टोरांटोतील घड्याळांत आज झालेला बदल धरून या वेळा लिहिल्या आहेत. त्या दिवशी तुम्ही टोरांटोतच असाल ना? अन्यत्र असाल, तर शहराचे नाव कळवा. वेळा पुन्हा लिहून पाठवतो. सोयीच्या पर्यायाचा क्रमांक आणि तुमच्या घड्याळातील वार, तारीख व वेळ उत्तरात लिहावी. उत्तर टोरांटोतील सोमवार, 3 नोव्हेंबर, रात्री 10.00 पर्यंत मिळाल्यास तिन्ही पर्याय खुले राहतील. तिन्ही गैरसोयीचे असल्यास तुमच्या सोयीच्या दोन वेळा सुचवा. मुलाखत व्हिडिओ कॉलवर, सुमारे अर्धा तास चालेल.'

पहिल्या निरोपापेक्षा हा कितीतरी लांब आहे, हे खरे. पण यातले प्रत्येक वाक्य एकेक गैरसमज अडवण्यासाठी आहे. उमेदवाराची वेळ आधी आणि आपली कंसात, हा क्रम जाणीवपूर्वक ठेवला आहे. वाचणारा पहिला दिसलेला आकडा लक्षात ठेवतो. कंसातला डोळ्याआड करतो. चुकून अर्धेच वाचले गेले, तरी तिच्या हाती तिचीच वेळ लागावी.

तिसरा पर्याय पाहा. टोरांटोत गुरुवार आणि हुपरीत शुक्रवार. वार दोन्हीकडे लिहिला नसता, तर दोघांपैकी एकजण पुरता एक दिवस चुकला असता. म्हणूनच 'उद्या', 'परवा', 'येत्या सोमवारी' हे शब्द अशा निरोपातून काढून टाकावेत. ते बोलणाऱ्याच्या जागेला बांधलेले शब्द आहेत. गुरुवारी, 30 ऑक्टोबरला, सकाळी नऊ वाजता हुपरीहून कोणी 'उद्या' असे लिहिले असते, तर टोरांटोत तो निरोप बुधवारी रात्री साडेअकराला पोहोचला असता, आणि तिथला 'उद्या' म्हणजे गुरुवार. 'परवा' तर गेलेला दिवसही असतो आणि येणाराही. तो ओळखायला पुन्हा क्रियापदच शोधावे लागते.

मध्यरात्रीच्या आसपासची वेळ देऊच नये, असेही मी सांगेन, आणि त्याचे कारण झोपेपुरते नाही. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. त्यामुळे 'गुरुवारी रात्री साडेबारा' म्हणणाऱ्या मराठी माणसाच्या मनात गुरुवारचा दिवस संपून येणारी रात्र असते. फोनची दिनदर्शिका मात्र गुरुवार मध्यरात्रीच सुरू करते. तिच्या लेखी गुरुवारचे साडेबारा बुधवारच्या रात्रीतच येऊन जातात. एका दिवसाची चूक, आणि दोन्ही बाजू आपापल्या परंपरेने बरोबर. जुन्या मराठीत 'उत्तररात्र' हा नेमका शब्द होता. आज तो किती तरुण उमेदवार ओळखतील, याची मला शंका आहे.

वेळ आकड्यांत लिहिण्याचा आग्रहही याच कारणासाठी. सव्वा, साडे, पावणे हे आपल्या भाषेचे अलंकार आहेत आणि ते बोलण्यात राहोत. परंतु परदेशात वाढलेल्या मराठी मुलांना 'पावणेसात' म्हणजे 6.45 की 7.45, हे दरवेळी उमगत नाही. घरात ऐकलेले असते, हिशेब कधी केलेला नसतो. जर्मनीत राहणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. तिथल्या बोलीत 'अर्धे सात' म्हणजे साडेसहा; इंग्लंडात मात्र 'अर्धे सहा' म्हटले की साडेसहा. अशा माणसाला 'साडेसहा' हा शब्द कोणत्या बाजूने मोजायचा, याचा क्षणभर विचार करावा लागतो. 6.30 हा आकडा तो विचार वाचवतो. आकड्याच्या आधी 'सकाळी' किंवा 'रात्री' हा शब्द मात्र हवाच.

शहराचे नाव पुन्हा विचारण्याची गरज काय, अर्जात पत्ता आहेच, असे त्या विद्यार्थ्याने मला विचारले. पत्ता माणसाचा असतो. मुलाखत मात्र माणूस त्या दिवशी जिथे असेल तिथे होते. फोन क्रमांकावरूनही काही कळत नाही. कॅनडा आणि अमेरिका या दोन्ही देशांचा संकेतांक +1 हाच आहे, आणि त्या विस्तारात अनेक वेळा आहेत. टोरांटोहून व्हँकुव्हरला गेलेली व्यक्ती तोच फोन वापरते आणि काही तास मागे जाते. म्हणून त्या एका वाक्याला मी वेळ निश्चित करण्याचे खरे वाक्य मानतो. अंतर तुम्ही कितीही अचूक काढा, शहरच चुकले तर ते व्यर्थ आहे.

उत्तरात वार, तारीख आणि वेळ लिहून मागितली आहे, त्याला मराठीतला एक लाडका शब्द कारणीभूत आहे : 'चालेल'. तीन पर्याय पाठवावेत आणि उत्तर यावे 'हो, चालेल', हा अनुभव पत्रव्यवहार करणाऱ्या प्रत्येकाला आहे. कोणता चालेल? की तिन्ही? 'चालेल' हा संमतीपेक्षा सौजन्याचा शब्द आहे. उमेदवाराने स्वतःच्या हाताने आपली वेळ लिहिली, तर तिने निरोप कसा वाचला हे आपल्याला दिसते आणि चूक असल्यास मुलाखतीच्या आधी सापडते. दिनदर्शिकेचे निमंत्रण पाठवले की हे सारे आपोआप होते, असे काहीजण म्हणतात. निमंत्रण जरूर पाठवावे, पण वेळ ठरल्यानंतर. आपली वहीतली साडेनऊ त्या निमंत्रणात टाकली असती, तर त्याने ती निमूटपणे साऱ्या जगभर बरोबर पोहोचवली असती. चूक पकडणे त्याचे काम नव्हे. शिवाय मुलीच्या सोयीचा प्रश्न उरतोच. तीन पर्यायांत एक तिच्या रात्रीचा आणि दोन सकाळचे ठेवले, ते ती दिवसा दुसरीकडे काम करते हे अर्जात लिहिले होते म्हणून. मधला बुधवार सोडला, कारण त्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा होती आणि मालक गावात नव्हते.

निरोप लगेच पाठवू का, असे त्याने दुपारी बारा वाजता विचारले. टोरांटोत तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता, त्या रात्रीतला दुसऱ्यांदा. त्याने सायंकाळी सात वाजता पाठवला. तिथे रविवारची सकाळ होती, साडेआठ.

उत्तर तासाभरात आले. तिने लिहिले होते : 'पर्याय 3. टोरांटोत गुरुवार, 6 नोव्हेंबर, रात्री 9.30. मी त्या दिवशी घरीच असेन. मागच्या सोमवारीही मी सात वाजता बसले होते.' विद्यार्थ्याने हे शेवटचे वाक्य मालकांना वाचून दाखवले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शुक्रवारी आठला म्हणजे मी पावणेआठला येतो, कुलूप तू उघडून ठेव.